एकच चपटा चेंडू, तीन अर्थ: अ‍ॅनिमेशनचा पहिला धडा नेमका काय शिकवतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की दादरच्या आमच्या वर्गात पालकांची ये-जा सुरू होते आणि त्यांपैकी बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. भिंतीवर लावलेल्या विद्यार्थ्यांच्या कामाकडे बोट दाखवून ते विचारतात, "एवढी फी भरायची आणि पहिला महिनाभर मुलाने नुसता चेंडू काढायचा?" प्रश्न रास्त आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त गोलांची रांग, काही गोल लांबट, काही चपटे. त्या रांगेत अ‍ॅनिमेशनच्या तीन मूलभूत तत्त्वांचा अभ्यास कसा दडलेला असतो, हे एका चेंडूच्या एका उसळीचा पूर्ण हिशोब मांडून समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ही तत्त्वे म्हणजे स्क्वॅश अँड स्ट्रेच, अँटिसिपेशन आणि फॉलो-थ्रू. वस्तूचे दबणे आणि ताणले जाणे हे पहिले. मुख्य हालचालीआधीची तयारी हे दुसरे. आणि मुख्य हालचाल थांबल्यावरही मागे राहिलेल्या भागांचे हलत राहणे हे तिसरे. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात कामाच्या ओघात ही तत्त्वे आकाराला आली आणि तिथलेच दोन अ‍ॅनिमेटर, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१मध्ये अशी बारा तत्त्वे पुस्तकरूपाने एकत्र मांडली. त्या यादीत स्क्वॅश अँड स्ट्रेचला पहिले स्थान आहे. मुंबईशीही या परंपरेचा जुना धागा आहे. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यासाठी इथे आले होते आणि पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले गेलेले राम मोहन यांचे सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले.

आधी अंतर, मग आकार

चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमच्या गतीने चालतो, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर चोवीस स्थिर चित्रे येऊन जातात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. आमच्याकडे याला 'टूजवर काम करणे' म्हणतात. या हिशोबाने एका सेकंदाला बारा चित्रे पुरतात. योगायोगाने आपल्या चेंडूचे एक पडणे आणि पहिली उसळी बरोबर बारा चित्रांत बसते.

ए-फोर आकाराचा कागद उभा धरा, तळाशी जमिनीची रेघ मारा आणि तिच्यापासून अठरा सेंटिमीटर उंचीवर चेंडूची खालची कड येईल असा चार सेंटिमीटर व्यासाचा गोल काढा. हे चित्र क्रमांक एक. चेंडू बारा फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदात जमिनीवर पोहोचावा असे ठरवू. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदात वस्तू साधारण सव्वा मीटर पडते, तेव्हा आपण एखादा मोठा रबरी चेंडू छातीच्या उंचीवरून सोडला आहे असे समजायला हरकत नाही.

आता मधली चित्रे कुठे काढायची? नवा विद्यार्थी अठरा सेंटिमीटरचे सहा सारखे भाग करतो आणि तीन-तीन सेंटिमीटरवर गोल काढून मोकळा होतो. ते चालवून पाहिले की चेंडू पडत नाही, लिफ्टसारखा खाली येतो. पडणारी वस्तू दर क्षणी आपला वेग वाढवत असते आणि सारख्या वेळात ती कापत असलेली अंतरे एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. या सहा संख्यांची बेरीज छत्तीस होते. अठरा सेंटिमीटरचे छत्तीस भाग केले तर एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या चित्रात अर्धा सेंटिमीटर, मग दीड, अडीच, साडेतीन, साडेचार आणि जमिनीला टेकण्यापूर्वीचे शेवटचे अंतर साडेपाच सेंटिमीटर. चित्रांमधल्या या अंतरांच्या मांडणीला स्पेसिंग म्हणतात. वरती गोल एकमेकांवर दाटीवाटीने चढलेले आणि खाली विरळ दिसले, तर स्पेसिंग जमले आहे असे समजावे.

मी विद्यार्थ्यांना या टप्प्यावर थांबवतो आणि सगळे गोल गोलच ठेवून एकदा चालवून पाहायला सांगतो. ज्याचा गोल चेंडू वजनाने पडत नाही, त्याचा ताणलेला चेंडूही पडणार नाही, कारण वजन आकारात नसून अंतरात असते. हा क्रम अनेक जण उलटा करतात आणि मग चुकलेले स्पेसिंग लपवण्यासाठी चेंडू अधिकाधिक चपटा करत सुटतात.

ताणायचे का आणि किती

खरा रबरी चेंडू पडताना लांबट होत नाही, ही सर्वांत आधी घेतली जाणारी शंका आहे आणि ती खरी आहे. तरीही आपण तो ताणतो, त्याचे कारण चेंडूत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. आपल्या चेंडूचा व्यास चार सेंटिमीटर आहे, पण सहाव्या आणि सातव्या चित्रात अंतर आहे साडेपाच सेंटिमीटरचे. दोन्ही चेंडू गोल ठेवले तर त्यांच्यात दीड सेंटिमीटरची मोकळी जागा राहते आणि डोळ्याला एक चेंडू सरकल्याऐवजी एक नाहीसा होऊन दुसरा उगवल्यासारखे वाटते, हालचाल थरथरते. कॅमेऱ्याने चित्रीकरण केले असते, तर एका फ्रेमच्या काळात चेंडू सरकल्यामुळे त्याची प्रतिमा आपोआप पुसट आणि लांबट उमटली असती. रेषेने काढलेल्या चित्राला ती सोय नाही. म्हणून सातवे चित्र, ज्यात चेंडू जमिनीला नुकताच टेकतो, ते आपण साडेपाच सेंटिमीटर लांब काढतो. त्याचे वरचे टोक सहाव्या चित्रातल्या चेंडूच्या खालच्या कडेला जाऊन भिडते आणि डोळ्याचा धागा तुटत नाही. सहावे चित्र याच न्यायाने साडेचार सेंटिमीटर लांब, कारण त्यामागचे अंतर तेवढेच आहे. पाचवे आणि त्याआधीची चित्रे गोलच राहतात, कारण तिथे चेंडू एकमेकांवर चढलेलेच आहेत. किती ताणायचे हा प्रश्न त्यामुळे बराचसा मोजपट्टीनेच सुटतो.

लांबी वाढवली की रुंदी कमी करावीच लागते, आणि हा नियम पोळी लाटणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कणकेचा गोळा दाबला की तो बाजूंना पसरतो, पण कणीक तेवढीच राहते. कागदावर चार बाय चारचा चेंडू आहे, म्हणजे गुणाकार सोळा. लांबी साडेपाच केली, तर रुंदी सोळा भागिले साडेपाच, म्हणजे साधारण दोन पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर. जमिनीवर आपटल्यावरच्या आठव्या चित्रात उंची तीन पूर्णांक दोन दशांशावर आणली, तर रुंदी पाच. गुणाकार सोळाच राहिला की डोळा म्हणतो की हा तोच चेंडू आहे. तो वाढला की चेंडूत कोणी हवा भरली असे वाटते, आणि घटला की चेंडू कॅमेऱ्यापासून लांब गेला असे.

त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट जपायला हवी. तिथे चेंडूला रुंदीबरोबर खोलीही असते. उंची ०.८ पट केल्यावर कागदाच्या सवयीने उरलेल्या दोन्ही दिशा १.२५ पट केल्या, तर चेंडू एकूण सव्वापट मोठा होतो आणि प्रत्येक आपटीला फुगल्यासारखा दिसतो. योग्य आकडा साधारण १.१२ आहे, कारण वाढ दोन दिशांत वाटून घ्यायची असते.

खरा चेंडू इतका दबतो का?

दबतो, पण आपल्याला ते दिसत नाही. टेनिसचा चेंडू जमिनीला लागून पुन्हा सुटेपर्यंत सेकंदाचे काही हजारावे भागच जातात, आणि सिनेमाची एक फ्रेम त्यापेक्षा कितीतरी लांब असते. चेंडू जमिनीला लागलेला क्षण दोन फ्रेमच्या मधेच निसटूनही जाऊ शकतो. अ‍ॅनिमेटर तो क्षण मुद्दाम दाखवतो, पण जेमतेम एक चित्र, म्हणजे फार तर दोन फ्रेम. याहून जास्त वेळ चेंडू चपटा ठेवला की तो रबराचा न राहता जेलीचा होतो, आणि आणखी ठेवला तर जमिनीला चिकटतो.

आता पुढचा अर्धा भाग पटकन उरकता येतो. उसळी मूळ उंचीच्या छत्तीसपैकी सोळा भागांपर्यंत, म्हणजे आठ सेंटिमीटर, येऊ द्यावी. थोड्या वापरलेल्या रबरी चेंडूसाठी ते पटण्याजोगे आहे. वर जाताना अंतरे उलट्या क्रमाने घटत जातात: सात, पाच, तीन, एक. त्यांची बेरीज सोळा, चित्रे चार. नऊ ते बारा या चित्रांत चेंडू वर जाऊन थांबतो. सर्वांत मोठे अंतर साडेतीन सेंटिमीटरचे, जे व्यासापेक्षा कमी आहे, त्यामुळे वर जाताना फक्त नववे चित्र किंचित लांबट केले तरी पुरते. पडताना जितका ताणला तितकाच वर जातानाही ताणला, तर जमिनीने चेंडूला जास्तीची ताकद दिली असा भास होतो. आणि उसळीच्या माथ्यावर चेंडू पूर्ण गोल हवा, कारण तिथे त्याचा वेग शून्याला आलेला असतो.

काही चेंडूंना हे आकार बदलणे मुळीच शोभत नाही. शिवाजी पार्कच्या मैदानावर वापरतात तो चामड्याचा सीझन बॉल, काचेची गोटी किंवा लोखंडी गोळा ताणून काढला, तर त्यांचा कडकपणाच नाहीसा होतो. त्यांचे वजन केवळ स्पेसिंगने आणि उसळी किती लवकर मरते यावरून दाखवायचे असते. म्हणून मी रबरी चेंडू झाल्यावर लगेच गोटी काढायला देतो. ज्याला आकाराला हात न लावता गोटी जड करता आली, त्याला पहिला चेंडू खरोखर कळला.

तीच आकृती, वेगळा अर्थ

इथे चाणाक्ष विद्यार्थी हटकतो: पडणाऱ्या चेंडूत अँटिसिपेशन आहे कुठे? तो बरोबर आहे. हातातून सुटलेला चेंडू कोणतीही तयारी करत नाही, कारण त्याला हलवणारे बळ बाहेरचे आहे. तयारी तोच करतो ज्याचे बळ आतून येते. गल्लीतला गोलंदाज हात मागे नेतो आणि लंगडीत पकडायला झेपावणारी मुलगी आधी गुडघ्यात वाकते. दोघेही जायचे त्याच्या उलट दिशेला आधी जातात. म्हणून सरावाचा दुसरा भाग सुरू होतो तो जमिनीवर स्वस्थ बसलेल्या आणि मग स्वतःहून उडी मारणाऱ्या चेंडूने.

या चेंडूला उडी मारण्याआधी दबावे लागते. तो चार सेंटिमीटरवरून दोन पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटरपर्यंत खाली बसतो, रुंदी साधारण पाच पूर्णांक सात दशांश होते. आकृती पाहिली तर ही आठव्या चित्रातल्या आपटीच्या आकृतीसारखीच, किंचित जास्त चपटी. दोन्ही कागद खालून उजेड देणाऱ्या लाइट बॉक्सवर एकमेकांवर ठेवले, तर कोणते कोणते हे सांगणेही कठीण जावे. फरक फक्त वेळेचा असतो. आपटीत चेंडू एका चित्रात चपटा झाला आणि पुढच्या चित्रात सुटला. उडीच्या तयारीत तो आठ-दहा फ्रेम घेऊन, सुरुवातीला भराभर आणि शेवटी अगदी हळू, असा खाली बसतो, तळाशी तीन-चार फ्रेम दबून राहतो आणि मग एकाच चित्रात ताणला जाऊन जमीन सोडतो. एकच चपटा चेंडू झटकन आला आणि गेला तर 'आपटला', सावकाश आला आणि थांबला तर 'ठरवतो आहे'. माझ्या मते या संपूर्ण सरावातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि चेंडूला चेहरा नसल्यामुळेच ती इतकी स्वच्छ दिसते. डोळे-भुवया असत्या तर विद्यार्थ्याने सगळा भाव तिथे रंगवला असता.

तयारी नसेल तर काय बिघडते, हे पाहण्यासाठी त्या दहा-बारा फ्रेम काढून टाकून चित्रफीत चालवावी. चेंडू उडी मारत नाही, वरून कोणीतरी दोरीने ओढल्यासारखा उचलला जातो. शिवाय प्रेक्षकाची नजर तिथे पोहोचण्याआधीच तो निघून गेलेला असतो. तयारीचे दुसरे काम नजरेला जागेवर आणणे हे आहे. उलट बाजूची चूकही तितकीच वारंवार होते. दबणे आणि ताणले जाणे एकाच गतीने केले, तर चेंडू उडी मारण्याऐवजी श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो.

मागे राहिलेली शेपूट

फॉलो-थ्रू समजण्यासाठी लोकल गाडीसारखी प्रयोगशाळा नाही. गाडी स्थानकात थांबते, पण डोक्यावरच्या लटकत्या कड्या पुढे जातात, मग मागे येतात आणि हळूहळू स्थिरावतात. गाडीचे थांबणे आणि कड्यांचे थांबणे एकाच क्षणी झाले, तर आपल्याला काहीतरी चमत्कारिक वाटेल. अ‍ॅनिमेशनमध्ये बऱ्याच वेळा तेच चमत्कारिक दृश्य आपण नकळत काढून बसतो.

नुसत्या चेंडूत हे तत्त्व अगदी थोडे दिसते. स्वतःहून उडी मारून खाली आलेला चेंडू चपटा होतो, मग गोलावर थेट न थांबता किंचित उंच होतो, पुन्हा जरासा दबतो आणि तेव्हा कुठे गोल होऊन थांबतो. चपट्या आकृतीचा हा तिसरा अर्थ: आता सगळे संपले, तो विसावतो आहे. प्रत्येक वेळी दबणे आधीपेक्षा कमी आणि सावकाश होत गेले पाहिजे, नाहीतर प्रेक्षक आणखी एका उडीची वाट पाहत राहतो.

तत्त्व पुरते दिसावे म्हणून चेंडूला खारीसारखी शेपूट लावतात. शेपटीचे चार भाग मनात धरायचे आणि प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या दोन फ्रेम मागून तीच हालचाल करतो असे काढायचे. चेंडू वर निघाला की शेपटीचे मूळ त्याच्याबरोबर निघते, टोक मात्र अजून जमिनीवरच रेंगाळते. चेंडू माथ्यावर पोहोचून खाली वळतो, तेव्हा टोक अजून वर चाललेले असते. चेंडू जमिनीवर चपटा होतो त्या चित्रात शेपूट वर उभीच असते. ती पुढच्या दोन-तीन चित्रांत मुळापासून टोकाकडे अशी क्रमाने खाली येते, जमिनीच्या थोडी पलीकडे वळते आणि परत येते.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचा चेंडू उत्तम जमला होता, पण शेपूट सतत काठीसारखी दिसत होती आणि तिला कारण सापडत नव्हते. आम्ही चेंडू झाकला आणि फक्त शेपूट चालवून पाहिली. तेव्हा लक्षात आले की शेपटीचे वळण तिने सुंदर काढले होते, पण सर्व चित्रांत ते एकाच बाजूला होते. चेंडूची दिशा बदलल्यावर वळणाचीही बाजू बदलायला हवी, आणि बदलताना मधल्या एका चित्रात शेपटीचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा व्हायला हवा. मूळ नव्या दिशेला, टोक अजून जुन्या दिशेला. तिने फक्त दोन चित्रे नव्याने काढली आणि काठीची शेपूट झाली. तेव्हापासून चेंडू झाकून पाहणे ही आमची नेहमीची तपासणी झाली आहे. नुसत्या शेपटीवरून चेंडू कुठे गेला असेल हे सांगता आले, तर काम बरोबर आहे.

हे सगळे सॉफ्टवेअर करत नाही का?

पालकांचा हा दुसरा ठरलेला प्रश्न. मधली चित्रे संगणक भरून देतो हे खरे आहे, पण कुठे वेग वाढवायचा हे त्याला सांगावे लागते. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चेंडू वर, जमिनीवर आणि पुन्हा वर अशा तीन ठिकाणी ठेवून मधला प्रवास त्याच्यावर सोडला, तर ते प्रत्येक ठिकाणी हालचाल मऊ करते. माथ्यावर ते योग्यच आहे, पण जमिनीजवळ चेंडू वेग कमी करून अलगद टेकतो आणि पाण्यात असल्यासारखा दिसतो. तो दोष काढायला Graph Editor उघडून जमिनीला टेकण्याचा बिंदू निवडावा, V दाबावे आणि यादीतून Vector घ्यावे. आलेखातली गोलाई जाऊन तिथे टोक येते आणि चेंडू आपटू लागतो. माथ्यावरची गोलाई तशीच ठेवावी. ज्याने कागदावर एक-तीन-पाच-सात मोजले आहे, त्याला या रेषेत काय चुकले ते पाहताच कळते. ज्याने मोजलेले नाही, तो एकामागून एक बटणे दाबून पाहत राहतो.

चेंडू दबताना जमिनीपासून वर उचलला जातो किंवा ताणला जाताना जमिनीत घुसतो, अशीही तक्रार येते. तिथे आकार बदलण्याचा मध्यबिंदू चेंडूच्या पोटात राहिलेला असतो. तो तळाशी आणला की चेंडू जमिनीला धरून दबतो.

नैसर्गिक नियमांनुसार चेंडू पाडून दाखवणारी सोयही या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिने पाडलेला चेंडू अचूक असतो. पण उडी मारायची की नाही याचा विचार करत तीन फ्रेम जास्त दबून राहिलेला चेंडू तिच्यातून मिळत नाही. आमच्या वर्गात महिन्याच्या शेवटी दिले जाणारे काम तेवढेच आहे: चेंडू एका पायरीच्या कडेशी येतो, खाली पाहतो, उडी मारण्यासाठी दबतो, कचरतो, पुन्हा गोल होतो, मग पहिल्यापेक्षा खोल दबतो आणि उडी मारतो. चेहरा नाही, आवाज नाही. दुसऱ्या वेळचे दबणे किती फ्रेमचे असावे, हे प्रत्येकाचे वेगळे येते.